गॅस्केट आणि कॅमची बाह्यरेषा: स्पर्शिका आणि स्पर्शी कंस यांची अचूक रचना

गॅस्केट किंवा कॅमची बाह्यरेषा जवळून पाहिली, तर ती बहुतेक वेळा दोनच प्रकारच्या तुकड्यांची बनलेली असते: वर्तुळांचे कंस आणि सरळ रेषा. रेखाटनातला अवघड भाग हे तुकडे काढण्याचा नसून त्यांचे सांधे जुळवण्याचा असतो. दोन तुकडे एका बिंदूत भेटले एवढ्याने सांधा पूर्ण होत नाही; त्या बिंदूत दोघांची दिशाही एकच असावी लागते. दिशा जुळली नाही, तर पडद्यावर न दिसणारी बारीक धार तयार होते. ती कापणी यंत्रावरच्या सुट्या भागात उतरते आणि कॅमच्या बाबतीत त्याला टेकून हलणाऱ्या फॉलोअरला प्रत्येक फेरीत धक्का देते.

या लेखात एकच आकृती आपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढणार आहोत. तिच्यात एक मोठे वर्तुळ, एक लहान वर्तुळ, वरच्या बाजूने त्यांना जोडणारी सरळ स्पर्शिका आणि खालच्या बाजूने आत वळलेला स्पर्शी कंस आहे. ही झाली गॅस्केटची बाह्यरेषा. मग खालचा कंस बदलून त्याच दोन वर्तुळांवर कॅमची बाह्यरेषा काढू. दोन्ही कंसांच्या रचनेत फरक आहे तो फक्त बेरीज आणि वजाबाकीचा, आणि तो एकदा नीट समजला की पुढची बरीच गुंतागुंत आपोआप सुटते.

दिलेली मापे

मोठ्या वर्तुळाचे केंद्र अ हे (०, ०) येथे असून त्याची त्रिज्या ४० मिमी आहे. लहान वर्तुळाचे केंद्र ब हे (६५, ०) येथे असून त्याची त्रिज्या १५ मिमी आहे. म्हणजे केंद्रांमधले अंतर ६५ मिमी आणि दोन वर्तुळांमधली मोकळी जागा १० मिमी आहे. ही मापे मुद्दाम अशी निवडली आहेत की बहुतेक उत्तरे स्वच्छ अंकांत येतात आणि प्रत्येक पायरी वाचकाला कागदावर स्वतः तपासता येते.

सगळ्या रचनेला आधार देणारी गोष्ट एकच आहे: वर्तुळाची स्पर्शिका स्पर्शबिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येला लंब असते. यावरून असे निघते की दोन वर्तुळे एकमेकांना स्पर्श करत असतील, तर त्यांची दोन्ही केंद्रे आणि स्पर्शबिंदू एकाच सरळ रेषेत असतात. म्हणून कोणताही स्पर्शी कंस काढताना क्रम ठरलेला असतो: आधी कंसाचे केंद्र शोधायचे, मग केंद्रे जोडून स्पर्शबिंदू मिळवायचे आणि सर्वांत शेवटी कंस काढायचा. कंस आधी काढून तो डोळ्यांनी सरकवत बसवण्याचा मार्ग कधीच भरवशाचा नसतो.

वरची बाजू: सरळ स्पर्शिका

दोन वर्तुळांना एकाच बाजूने स्पर्श करणारी रेषा हवी आहे. युक्ती अशी की दोन्ही वर्तुळांच्या त्रिज्या लहान वर्तुळाच्या त्रिज्येएवढ्या, म्हणजे १५ मिमीने, कमी झाल्या आहेत असे मानायचे. तसे केल्यावर ब हा नुसता बिंदू उरतो आणि अ भोवती ४० − १५ = २५ मिमी त्रिज्येचे वर्तुळ उरते. आता प्रश्न सोपा झाला: बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढायची आहे.

कंपासने काढायचे असेल, तर अ केंद्र धरून २५ मिमी त्रिज्येचे मदतीचे वर्तुळ फिकट रेषेने काढावे. मग अब या रेषाखंडाचा मध्य (३२.५, ०) घेऊन त्यावर ३२.५ मिमी त्रिज्येचे अर्धवर्तुळ वरच्या बाजूला काढावे. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असल्यामुळे ही दोन वर्तुळे ज्या बिंदूत छेदतात त्या प या बिंदूत अप आणि बप एकमेकांना लंब असतात, म्हणजे बप ही मदतीच्या वर्तुळाची स्पर्शिका असते. आता अप ही रेषा मोठ्या वर्तुळापर्यंत वाढवली की पहिला स्पर्शबिंदू मिळतो. ब मधून अप ला समांतर त्रिज्या काढली की लहान वर्तुळावरचा दुसरा स्पर्शबिंदू मिळतो. हे दोन बिंदू जोडले की आपली स्पर्शिका तयार होते.

अंकांनी पाहू. काटकोन त्रिकोणात कर्ण ६५, एक बाजू २५, म्हणून दुसरी बाजू ६० मिमी येते आणि हीच स्पर्शिकेची लांबी आहे. मोठ्या वर्तुळावरचा स्पर्शबिंदू (१५.३८५, ३६.९२३) आणि लहान वर्तुळावरचा (७०.७६९, १३.८४६) येतो. दोन्ही स्पर्शबिंदू आपापल्या केंद्राच्या थेट वर नसून उजवीकडे कललेले आहेत, याकडे लक्ष द्यावे. दोन्ही त्रिज्यांचा आडव्या अक्षाशी कोन ६७.३८ अंश आहे.

सर्वाधिक आढळणारी चूक नेमकी इथेच होते. संगणकावर रेषा ओढताना सॉफ्टवेअर वर्तुळाच्या माथ्यावरचा चतुर्थांश बिंदू पकडते आणि रेषा (०, ४०) पासून (६५, १५) पर्यंत जाते. आकृती लहान दिसत असेल, तर ही रेषा स्पर्शिकेसारखीच भासते. खऱ्या स्पर्शिकेचा उतार २२.६२ अंश आणि हिचा २१.०४ अंश, म्हणजे फरक दीड अंशाच्या आसपासच. पण प्रत्यक्षात ती मोठ्या वर्तुळाच्या आत २.६७ मिमीपर्यंत शिरते आणि दोन्ही टोकांना २१ अंशांचा कोपरा तयार करते.

ऑटोकॅडमध्ये हे टाळण्यासाठी रेषेचा प्रत्येक बिंदू देण्याआधी TAN टाइप करावे, म्हणजे त्या एका क्लिकपुरती बाकीची सगळी पकड बाजूला राहते:

```
CIRCLE 0,0 40
CIRCLE 65,0 15
LINE
TAN   (मोठ्या वर्तुळावर वर-उजवीकडे क्लिक)
TAN   (लहान वर्तुळावर वर-उजवीकडे क्लिक)
```

दोन सुट्या वर्तुळांना एकूण चार सामाईक स्पर्शिका असतात: दोन बाहेरच्या आणि दोन मधून आडव्या जाणाऱ्या. चारपैकी कोणती मिळेल हे क्लिक कोठे केले यावर ठरते, म्हणून जिथे स्पर्श अपेक्षित आहे त्याच्या जवळच क्लिक करावे. पहिला क्लिक केल्यावर पडद्यावर रेषा लगेच दिसत नाही, कारण दुसरे वर्तुळ कळेपर्यंत पहिला स्पर्शबिंदू ठरूच शकत नाही. यात काही बिघडलेले नसते.

खालची बाजू: आत वळलेला कंस

गॅस्केटच्या खालच्या बाजूला आपल्याला ५७ मिमी त्रिज्येचा कंस हवा आहे, जो दोन्ही वर्तुळांना बाहेरून स्पर्श करेल आणि ज्याचे केंद्र गॅस्केटच्या बाहेर, खाली असेल. दोन वर्तुळे बाहेरून स्पर्श करतात तेव्हा त्यांच्या केंद्रांमधले अंतर त्रिज्यांच्या बेरजेएवढे असते. म्हणून कंसाचे केंद्र अ पासून ४० + ५७ = ९७ मिमी आणि ब पासून १५ + ५७ = ७२ मिमी अंतरावर असले पाहिजे.

कंपासने अ मधून ९७ मिमीचा आणि ब मधून ७२ मिमीचा चाप खालच्या बाजूला मारावा. ते जिथे छेदतात ते केंद्र क. आपल्या मापांत ६५, ७२ आणि ९७ या बाजूंचा त्रिकोण होतो, आणि ६५ चा वर्ग अधिक ७२ चा वर्ग म्हणजे ४२२५ + ५१८४ = ९४०९, जो बरोबर ९७ चा वर्ग आहे. त्रिकोण काटकोनी असल्यामुळे क हे केंद्र ब च्या थेट खाली, (६५, −७२) येथे येते. ५७ ही त्रिज्या त्यासाठीच निवडली आहे. एरवी कारखान्याच्या रेखाचित्रात ५५ किंवा ६० असते, पण रीत तीच राहते आणि केंद्राचे अंक मात्र दशांशात येतात.

आता स्पर्शबिंदू. कब ही रेषा उभी असल्यामुळे लहान वर्तुळावरचा स्पर्शबिंदू (६५, −१५) येथे, म्हणजे वर्तुळाच्या तळाशी येतो. इथे बाह्यरेषा आडवी जाते, हे डोळ्यांनीही तपासता येते. मोठ्या वर्तुळावरचा स्पर्शबिंदू अक या रेषेवर अ पासून ४० मिमीवर, म्हणजे (२६.८०४, −२९.६९१) येथे येतो. क केंद्र धरून या दोन बिंदूंमधला कंस काढला की खालची बाजू पूर्ण होते.

ऑटोकॅडमध्ये यासाठी CIRCLE आज्ञेतला T पर्याय आहे, ज्यात दोन स्पर्श आणि एक त्रिज्या द्यायची असते:

```
CIRCLE
T
(मोठ्या वर्तुळावर खाली-उजवीकडे क्लिक)
(लहान वर्तुळाच्या तळाशी क्लिक)
57
```

या आज्ञेचा मोठा सापळा असा की दिलेल्या त्रिज्येची स्पर्शी वर्तुळे एकाहून अधिक असतात. आपल्या मापांत ५७ मिमी त्रिज्येची अशी ६ वर्तुळे शक्य आहेत. त्यांतली दोन दोघांना बाहेरून स्पर्श करतात, तर उरलेली चार एका वर्तुळाला पोटात घेऊन दुसऱ्याला बाहेरून स्पर्श करतात. क्लिक केलेल्या जागांना ज्याचे स्पर्शबिंदू सर्वांत जवळ, ते वर्तुळ सॉफ्टवेअर निवडते. म्हणून मिळालेले वर्तुळ निवडून LIST आज्ञेने त्याचे केंद्र वाचावे. (६५, −७२) आले, तर ते आपले. दुसरे काही आले, तर चुकीचे वर्तुळ छाटत बसण्यापेक्षा ते पुसून क्लिकच्या जागा बदलाव्यात.

आतल्या कंसाला लहानात लहान त्रिज्येची मर्यादाही असते. मधली मोकळी जागा १० मिमी असल्यामुळे ५ मिमीपेक्षा कमी त्रिज्येचे वर्तुळ दोघांपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी वर्तुळ सापडत नाही असा संदेश येतो; तो आला की आधी हा हिशोब करावा, मग सॉफ्टवेअरवर शंका घ्यावी. वरच्या टोकाला मर्यादा नाही: त्रिज्या जसजशी वाढते तसतसा कंस सपाट होत जातो आणि शेवटी वर काढली तशाच सरळ स्पर्शिकेजवळ पोहोचतो.

छाटणी आणि जोड

आता चार वस्तू आहेत: दोन पूर्ण वर्तुळे, एक रेषा आणि क भोवतीचे पूर्ण वर्तुळ. TRIM आज्ञेने आधी क भोवतीच्या वर्तुळाचा नको असलेला मोठा भाग काढावा आणि मगच अ व ब वर्तुळांचे आतले भाग काढावेत. क्रम उलटा केला, तर चालत नाही असे नाही, पण गर्दीत चुकीचा तुकडा उडण्याची शक्यता वाढते. मग PEDIT आज्ञेच्या J पर्यायाने चारही तुकडे एका बंद पॉलीलाइनमध्ये जोडावेत.

जोड होत नसेल, तर कोठेतरी टोके भेटलेली नाहीत. अशा वेळी जोडताना फटीची सूट वाढवून काम भागवण्याचा मोह होतो. तो टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यामुळे टोके ओढून जुळवली जातात आणि स्पर्श मोडतो. फट येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कोणीतरी स्पर्शबिंदूचे अंक दोन दशांशांवर आणून हाताने टाइप केलेले असतात. वर दिलेले दशांश अंक तपासणीसाठी आहेत, टाइप करण्यासाठी नाहीत. आकृती केंद्रे आणि त्रिज्या यांवरूनच उभी करावी, म्हणजे सॉफ्टवेअर स्पर्शबिंदू आपल्या पूर्ण अचूकतेने काढते.

सांधे खरेच स्पर्शी आहेत का?

पहिली तपासणी कोनांच्या बेरजेची आहे. बंद बाह्यरेषेभोवती एक फेरी मारली की दिशा एकूण ३६० अंशांनी वळते. प्रत्येक कंसाचा केंद्रकोन लिहावा, बाहेर फुगलेल्या कंसांचे कोन मिळवावेत आणि आत वळलेल्यांचे वजा करावेत. आपल्या गॅस्केटमध्ये मोठ्या वर्तुळाचा कंस २४४.७० अंशांचा, लहान वर्तुळाचा १५७.३८ अंशांचा आणि आतला कंस ४२.०८ अंशांचा आहे. २४४.७० + १५७.३८ − ४२.०८ = ३६०, म्हणजे हिशोब जुळला.

ही तपासणी झटपट होते, पण ती पुरेशी नाही. रेषेच्या दोन्ही टोकांना विरुद्ध दिशांचे कोपरे असतील, तर ते बेरजेत एकमेकांना खोडून टाकतात. वर सांगितलेली चतुर्थांश बिंदूंची चूक अशीच आहे: तिथे मोठ्या वर्तुळाचा कंस २२२.०८ अंशांचा आणि लहानाचा १८० अंशांचा होतो, आणि ४२.०८ वजा करून बेरीज पुन्हा ३६० च येते. म्हणून दुसरी तपासणी करावी लागते.

ती समांतर रेषेची आहे. जोड करण्यापूर्वीच्या सुट्या तुकड्यांना OFFSET आज्ञेने एकेक करून ५ मिमी बाहेर सरकवावे. सांध्यात दोन्ही तुकड्यांचा लंब एकच असेल, तर सरकवलेली टोकेही तंतोतंत एकाच बिंदूत भेटतात. कोपरा बाहेर आलेला असेल, तर फट पडते; आत गेलेला असेल, तर दोन तुकडे एकमेकांना ओलांडतात. चतुर्थांश बिंदूंच्या चुकीत मोठ्या वर्तुळाच्या टोकाला १.८३ मिमीची फट दिसते आणि लहान वर्तुळाच्या टोकाला तुकडे ओलांडतात. १ अंशाच्या कोपऱ्यालाही सुमारे ०.०९ मिमीची फट येते, जी सांध्याजवळ झूम केल्यावर लपत नाही. ही तपासणी सुट्या तुकड्यांवरच करावी. जोडलेल्या पॉलीलाइनवर केली, तर सॉफ्टवेअर तुकडे वाढवून फट स्वतःच बुजवते आणि दोष झाकला जातो.

त्याच वर्तुळांवर कॅम

आता खालचा आत वळलेला कंस काढून टाकून त्या जागी बाहेर फुगलेला कंस घेऊ. मोठे वर्तुळ हे कॅमचे मूळ वर्तुळ, लहान वर्तुळ हे टोक, आणि दोघांना जोडणाऱ्या बाजू म्हणजे फ्लँक. फॉलोअरची एकूण उचल ६५ + १५ − ४० = ४० मिमी येते.

बाहेर फुगलेला कंस दोन्ही वर्तुळांना पोटात घेऊन स्पर्श करतो. आता केंद्रांमधले अंतर त्रिज्यांच्या वजाबाकीएवढे असते. कंसाची त्रिज्या ११२ मिमी घेतली, तर केंद्र अ पासून ११२ − ४० = ७२ मिमी आणि ब पासून ११२ − १५ = ९७ मिमीवर हवे. पुन्हा तोच ६५, ७२, ९७ चा त्रिकोण येतो, फक्त काटकोन या वेळी अ पाशी आहे. म्हणून केंद्र ड हे (०, ७२) येथे येते. खालच्या फ्लँकचे केंद्र वर, पलीकडच्या बाजूला असते, ही गोष्ट नवशिक्यांच्या नजरेतून हमखास सुटते. खाली शोधत राहिले की मिळतो तो वरच्या फ्लँकचा कंस.

स्पर्शबिंदू मिळवताना ड पासून निघालेली रेषा केंद्रातून पलीकडे वाढवायची असते, कारण स्पर्श केंद्राच्या पलीकडच्या बाजूला होतो. ड पासून अ मधून सरळ खाली गेल्यास (०, −४०) मिळतो. ड पासून ब मधून पुढे १५ मिमी गेल्यास (७५.०५२, −११.१३४) मिळतो. CIRCLE आज्ञेच्या T पर्यायात याच दोन जागांजवळ क्लिक करावे, कारण ११२ मिमी त्रिज्येची एकूण ८ वर्तुळे शक्य आहेत. केंद्रकोन आता २०२.६२, ४२.०८ आणि ११५.३० अंश आहेत. तिन्ही कंस बाहेर फुगलेले असल्यामुळे नुसती बेरीज करायची, आणि ती ३६० येते.

इथे त्रिज्येची किमान मर्यादा ६० मिमी आहे. बरोबर ६० घेतल्यास केंद्र अब रेषेवरच येते आणि कंस टोकाला थेट माथ्यावर स्पर्श करतो, म्हणजे खालच्या बाजूला टोकाचे वर्तुळ बाह्यरेषेत उरतच नाही. ६० च्या खाली रचना शक्य नसते.

कॅममध्ये स्पर्श जुळला तरी एक गोष्ट शिल्लक राहते, आणि ती आकृती काढणाऱ्याने जाणली पाहिजे. स्पर्शामुळे फॉलोअरचा वेग अखंड राहतो, पण सांध्यात वक्रता एकदम बदलते: ४० मिमीच्या कंसावरून ११२ मिमीच्या कंसावर किंवा सरळ रेषेवर उडी पडते. त्यामुळे त्वरणातही त्या क्षणी उडी पडते. कमी वेगाच्या यंत्रात हे चालून जाते. जास्त वेगात मात्र कंस आणि रेषांची बाह्यरेषा कितीही अचूक काढली तरी अपुरी ठरते आणि उचलीच्या सूत्रावरून बिंदूंनी काढलेला वक्र लागतो.

फॉलोअरचा प्रकारही बाजूंवर बंधन घालतो. आपल्या कॅमची वरची बाजू सरळ आहे, म्हणून त्यावर रोलरचा फॉलोअर हवा; सपाट तोंडाचा फॉलोअर सरळ फ्लँकवर एकाच क्षणी सगळ्या लांबीला टेकतो आणि त्याच्या वेगात उडी पडते. सपाट फॉलोअर वापरायचा असेल, तर MIRROR आज्ञेने ११२ मिमीचा कंस अब रेषेच्या वरच्या बाजूलाही घ्यावा आणि सरळ रेषा काढून टाकावी. आत वळलेला फ्लँक सपाट फॉलोअरला अजिबात चालत नाही; रोलरला चालतो, पण रोलरची त्रिज्या त्या कंसाच्या त्रिज्येपेक्षा कमी असावी लागते, नाहीतर रोलर खोलगट भागाच्या तळाला टेकत नाही.

मापे लिहिताना

पूर्ण झालेल्या आकृतीवर केंद्रांमधले अंतर ६५, वर्तुळांच्या त्रिज्या ४० आणि १५, आणि जोडणाऱ्या कंसाची त्रिज्या ५७ किंवा ११२ एवढीच मापे लिहावीत. जोडणाऱ्या कंसाच्या केंद्राची आणि स्पर्शबिंदूंची मापे लिहू नयेत, कारण ती या चार मापांवरून आपोआप ठरतात. दोन्ही लिहिली आणि पुढे एखादी त्रिज्या बदलली, तर आकृतीत एकमेकांशी न जुळणारी मापे राहतात, आणि भाग बनवणाऱ्याला कोणते खरे मानावे हे कळत नाही. यंत्रावरच्या कार्यक्रमासाठी स्पर्शबिंदू लागतच असतील, तर ते वेगळ्या तक्त्यात, तीन दशांशांपर्यंत आणि केवळ संदर्भासाठी असे स्पष्ट नमूद करून द्यावेत.